वाढीचा दर आणि वर्षांचे आकडे : सुरतेच्या दोन अंदाजांची पडताळणी

२०१८ साल सरता सरता ‘ऑक्सफर्ड इकॉनॉमिक्स’ या ब्रिटिश संस्थेचा जगातील शहरांविषयीचा एक अंदाज प्रसिद्ध झाला आणि सुरतेचे नाव देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकले. २०१९ ते २०३५ या काळात सर्वाधिक वेगाने वाढणाऱ्या दहा शहरांची यादी त्यात होती आणि दहाही शहरे भारतातील होती. सुरत पहिल्या क्रमांकावर, आग्रा दुसऱ्या, तर आपले नागपूर पाचव्या क्रमांकावर होते. सुरतेच्या नावापुढे तीन आकडे होते : २०१८ मधील शहराचे उत्पन्न २८.५ अब्ज डॉलर, २०३५ मधील अपेक्षित उत्पन्न १२६.८ अब्ज डॉलर आणि वाढीचा सरासरी वार्षिक दर ९.१७ टक्के.

बातमी वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे लक्ष क्रमांकाकडे गेले. परंतु हे तीन आकडे एकमेकांशी जुळतात का, हा प्रश्नही विचारण्याजोगा होता. आरंभीची रक्कम, अखेरची रक्कम आणि वाढीचा दर या तिन्ही गोष्टी परस्परांपासून स्वतंत्र नसतात. मधल्या वर्षांची संख्या ठाऊक असेल, तर कोणत्याही दोन आकड्यांवरून तिसरा आपोआप ठरतो. तिन्ही आकडे दिलेले असतात तेव्हा त्यांतील एक जादा असतो, आणि हा जादा आकडाच तपासणीची किल्ली होय. हीच तपासणी बँकेपुढे ठेवलेल्या विक्रीच्या अंदाजाला लागू पडते आणि भागविक्रीच्या माहितीपत्रकातील बाजारपेठेच्या भाकितालाही लागू पडते.

चक्रवाढ दर म्हणजे नेमके काय

‘सीएजीआर’ या संक्षेपाने ओळखला जाणारा चक्रवाढ वार्षिक वाढीचा दर हा एक कल्पित दर असतो. प्रत्यक्षात विक्री एका वर्षी १५ टक्क्यांनी वाढते, तर दुसऱ्या वर्षी २५ टक्क्यांनी. हे चढउतार बाजूला ठेवून, दरवर्षी अगदी सारख्याच दराने वाढ झाली असती तर आरंभीच्या रकमेपासून अखेरच्या रकमेपर्यंत पोहोचण्यास कोणता दर लागला असता, एवढेच तो सांगतो. मुदत ठेवीवर व्याज मुद्दलात मिळवून पुढच्या वर्षी त्यावरही व्याज धरतात, तसाच हा हिशेब आहे.

दर काढण्याची रीत तीन पायऱ्यांची आहे. अखेरच्या रकमेला आरंभीच्या रकमेने भागावे. आलेल्या गुणोत्तराचे, मध्ये जितकी वर्षे गेली तितक्या घाताचे मूळ काढावे. आणि त्यातून एक वजा करावा. सुरतेच्या बाबतीत १२६.८ ला २८.५ ने भागले असता ४.४४९ हे गुणोत्तर येते, म्हणजे उत्पन्न सुमारे साडेचार पट होणार आहे. आता वर्षे मोजायची, आणि येथेच सर्वाधिक चुका होतात.

अंदाजाचा काळ ‘२०१९ ते २०३५’ असा लिहिलेला आहे. २०३५ मधून २०१९ वजा केले की १६ येतात. सोळा वर्षे धरून दर काढला तर तो ९.७८ टक्के निघतो आणि छापलेल्या ९.१७ टक्क्यांशी त्याचा मेळ बसत नाही. मग अंदाज चुकीचा ठरवायचा काय? नाही. आरंभीची रक्कम २०१९ची नसून २०१८ची आहे. २०१९ हे वाढीचे पहिले वर्ष असून त्या वर्षाची वाढ २०१८ च्या पायावर मोजली आहे. म्हणून वाढीच्या पायऱ्या १७ आहेत. सतरा वर्षे धरली की दर ९.१८ टक्के येतो. छापलेल्या आकड्याशी एक शतांश टक्क्याचा जो फरक उरतो, तो रकमा एका दशांश स्थळापर्यंतच दिल्यामुळे पडलेला आहे. नागपूरचे आकडेही असेच जुळतात : १२.३ अब्जांवरून ४८.६ अब्ज डॉलर, सतरा वर्षे, दर ८.४२ टक्के, अहवालातील आकडा ८.४१.

हातात गणकयंत्र नसेल तर ७२ च्या नियमाने ढोबळ अदमास घेता येतो. ७२ ला दराने भागले की रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे मिळतात. ९.१७ टक्क्यांनी दुप्पट होण्यास सुमारे ७ वर्षे १० महिने लागतात. म्हणजे २८.५ चे ५७ आणि ५७ चे ११४ होण्यास पावणेसोळा वर्षांहून थोडे कमी लागतील. उरलेल्या सव्वा वर्षाच्या वाढीने ११४ चा आकडा १२७ च्या आसपास जातो. मेळ बसला.

पूर्णांकनाची मुभा किती द्यावी

याच यादीतील आग्र्याचा आकडा प्रथमदर्शनी खटकतो. ३.९ अब्जांवरून १५.६ अब्ज डॉलर, म्हणजे बरोबर चौपट. सतरा वर्षांत चौपट होण्याचा दर ८.५० टक्के येतो, तर यादीत ८.५८ टक्के दिला आहे. हा फरक चुकीमुळे पडला की पूर्णांकनामुळे, हे ठरविण्याची रीत सोपी आहे. ३.९ असे छापलेली रक्कम मुळात ३.८५ ते ३.९५ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते, १५.६ ही रक्कम १५.५५ ते १५.६५ यांच्या दरम्यान. सर्वांत लहान आरंभ आणि सर्वांत मोठा शेवट घेतल्यास दर ८.६० टक्के येतो, उलट टोके घेतल्यास ८.३९ टक्के. दिलेला ८.५८ हा दर या पट्ट्यात बसतो. तेव्हा आग्र्याच्या आकड्यांत विसंगती आहे, असे म्हणता येत नाही.

रक्कम लहान आणि दशांश स्थळे कमी, तितका हा पट्टा रुंद होतो. फरक दिसताच चूक झाल्याचे जाहीर करण्यापूर्वी हा पट्टा काढून पाहावा, आणि दर पट्ट्याबाहेर पडला तरच पुढे शोध घ्यावा.

कापड व्यापाऱ्याचा विक्री-अंदाज

आता शहराच्या उत्पन्नाकडून एका दुकानाच्या विक्रीकडे येऊ. पुढील उदाहरण काल्पनिक आहे, पण त्याची मांडणी बँकांकडे येणाऱ्या प्रकल्प अहवालांसारखीच आहे. सुरतेतील एक साडी-उत्पादक यंत्रमागावरचे कोरे कापड, ज्याला तेथील बाजारात ‘ग्रे’ म्हणतात, विकत घेतो, पांडेसरा भागातील प्रक्रियागृहात त्यावर रंगाई व छपाई करवून घेतो आणि रिंग रोडवरील घाऊक बाजारात साड्या विकतो. त्याला भरतकामाची यंत्रे घेण्यासाठी मुदत कर्ज आणि माल व उधारी सांभाळण्यासाठी खेळते भांडवल हवे आहे. अहवालाच्या पहिल्या पानावर वाक्य आहे : ‘येत्या पाच वर्षांत विक्री दरसाल २५ टक्के चक्रवाढ दराने वाढेल.’ आतील पानावर तक्ता आहे.

| आर्थिक वर्ष | विक्री (कोटी रुपये) | मागील वर्षापेक्षा वाढ |
|---|---|---|
| २०२४-२५ (प्रत्यक्ष) | ६.०० | – |
| २०२५-२६ | ६.९० | १५ टक्के |
| २०२६-२७ | ८.२८ | २० टक्के |
| २०२७-२८ | १०.३५ | २५ टक्के |
| २०२८-२९ | १२.५२ | २१ टक्के |
| २०२९-३० | १४.६५ | १७ टक्के |

पहिली शंका केवळ डोळ्यांनी तक्ता पाहूनच यावी. पाच वर्षांपैकी फक्त एका वर्षाची वाढ २५ टक्के आहे. उरलेल्या चारही वर्षांची त्याहून कमी आहे. चक्रवाढ दर हा वार्षिक दरांमधील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांच्या दरम्यानच असतो. तो सर्वांत मोठ्या दराएवढा असायचा तर प्रत्येक वर्षाची वाढ तेवढीच असावी लागेल. म्हणजे कोणतेही मूळ न काढताच पहिल्या पानावरचे वाक्य आणि आतला तक्ता यांत भांडण असल्याचे कळते.

दुसरी तपासणी गुणाकाराची. ६ कोटींना १.२५ ने पाच वेळा गुणले की १८.३१ कोटी येतात. तक्त्यात शेवटी १४.६५ कोटी आहेत. फरक ३.६६ कोटींचा आहे. गुणाकार करताना आणखी एक गोष्ट लक्षात येते : १४.६५ हा आकडा चौथ्या गुणाकारालाच समोर येतो. हा योगायोग नाही; चूक कोठे झाली याचा तो माग आहे.

तिसरी तपासणी उलट दिशेची, म्हणजे तक्त्यावरून दर काढण्याची. संगणकावरील तक्त्यात हे सूत्र पुरे :

```
=(14.65/6)^(1/5)-1
=RRI(5,6,14.65)
```

दोन्ही ओळींचे उत्तर एकच येते : १९.५५ टक्के. दुसऱ्या ओळीतील सूत्रात प्रथम वर्षांची संख्या, मग आरंभीची रक्कम आणि शेवटी अखेरची रक्कम लिहायची असते. रकमा दोन दशांश स्थळांपर्यंत असल्याने पूर्णांकनाचा पट्टा १९.५२ ते १९.५७ एवढाच अरुंद आहे. २५ टक्क्यांचा दर त्यात बसण्याचा प्रश्नच नाही.

चूक कोठे झाली हे कसे ओळखावे

विसंगती आढळली की तिचे कारण शोधावे, कारण कारणावरून अंदाज करणाऱ्याची पद्धत उघड होते. त्यासाठी नेहमीच्या चुका एकेक करून पाहाव्यात आणि कोणत्या चुकीने छापलेला दर येतो ते पाहावे.

एकूण वाढ १४४ टक्के आहे. तिला सरळ पाचाने भागले तर २८.८ येतात. ही सरळव्याजाची रीत झाली. पण २५ आले नाहीत. पाच वर्षांच्या वार्षिक दरांची साधी सरासरी १९.६ येते, तीही नव्हे. प्रत्यक्ष वर्ष सोडून २०२५-२६ पासून मोजले, म्हणजे ६.९० वरून १४.६५ आणि वर्षे चार, तर दर २०.७ येतो, तोही नाही. आता आरंभीची रक्कम २०२४-२५ची घ्यावी, पण वर्षे २०२५-२६ ते २०२९-३० यांतील अंतराएवढी, म्हणजे चार घ्यावीत. दर येतो बरोबर २५.०. चोर सापडला. रक्कम एका वर्षाची आणि मोजणी दुसऱ्या वर्षापासून, अशी ही सरमिसळ आहे. सुरतेच्या अंदाजात सोळा वर्षे धरली असती तर नेमकी हीच चूक झाली असती.

बाजारपेठांच्या अहवालांतही हा सापळा असतो. ‘पायाभूत वर्ष २०२३, अंदाजाचा काळ २०२४ ते २०३०’ अशा मांडणीत दर २०२३ पासून सात पायऱ्यांचा आहे की २०२४ पासून सहा पायऱ्यांचा, हे ज्याचे त्याने तपासून घ्यावे लागते. दोन्ही रीती योग्य आहेत. पण सात पायऱ्यांची रीत असेल तर आरंभीची रक्कम २०२३ची हवी आणि सहा पायऱ्यांची असेल तर २०२४ची.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. दर आणि तक्ता जुळत नाहीत एवढेच ही तपासणी सिद्ध करते. दोहोंपैकी चूक कोण, हे ती सांगत नाही. कदाचित उत्पादकाला खरोखर २५ टक्के वाढ अपेक्षित असेल आणि तक्ता जुन्या अहवालातून तसाच उतरला असेल. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : यांपैकी कोणता आकडा आधी ठरला आणि कोणता त्यावरून काढला?

साडेपाच टक्क्यांचे मोल

१९.५५ आणि २५ यांत अंतर साडेपाच टक्क्यांचे दिसते. कर्जदार आणि बँक या दोघांनाही ते महाग पडू शकते. लघुउद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी नायक समितीच्या शिफारशींतून आलेली रीत बँका वापरतात. तीनुसार पाच कोटींपर्यंतच्या मर्यादेसाठी अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के रक्कम खेळत्या भांडवलाची गरज मानतात. तीपैकी उलाढालीच्या २० टक्के बँक देते आणि ५ टक्के उद्योजकाने घालायचे असतात. म्हणजे विक्रीचा अंदाज हाच येथे कर्जाचा माप आहे. तक्त्यानुसार २०२५-२६ ची विक्री ६.९० कोटी, म्हणून बँकेचा वाटा १.३८ कोटी. पहिल्या पानावरचा दर धरला तर विक्री ७.५० कोटी आणि बँकेचा वाटा १.५० कोटी. पहिल्याच वर्षी बारा लाखांचे कर्ज अशा विक्रीच्या जोरावर मिळेल, जी उत्पादकाच्या स्वतःच्या तक्त्यातही नाही. तो पैसा बहुधा न खपलेल्या मालात अडकतो, आणि व्याज मात्र दरमहा चालू राहते.

यंत्रांच्या कर्जाची गोष्ट आणखी निराळी. त्याचे हप्ते पाचही वर्षांच्या कमाईतून फेडायचे असतात, म्हणून पाच वर्षांच्या विक्रीची बेरीज पाहावी लागते. तक्त्यातील बेरीज ५२.७० कोटी आहे. दरसाल २५ टक्के धरल्यास ती ६१.५५ कोटी होते. विक्रीच्या रुपयामागे दहा पैसे हप्त्यांसाठी उरतात असे मानले, तर ८.८५ कोटींच्या फरकातून सुमारे ८८ लाख रुपयांची परतफेडीची ताकद केवळ कागदावर निर्माण झालेली असते.

टोके जुळली तरी वाट तपासावी

आता समजा, उत्पादकाने दर सुधारून १९.५५ टक्के लिहिला, पण तक्ता बदलून असा केला : ६.१०, ६.३०, ६.८०, ८.२० आणि शेवटी १४.६५ कोटी. चक्रवाढ दराच्या कसोटीवर हा तक्ता निर्दोष ठरतो. आरंभ तोच, शेवट तोच, वर्षे तीच. म्हणून दरही तोच. पण पहिली तीन वर्षे विक्री जेमतेम हलते आणि अखेरच्या एका वर्षात ती ७९ टक्क्यांनी उसळते. पाच वर्षांची बेरीज ५२.७० वरून ४२.०५ कोटींवर येते. हप्ते मात्र पहिल्या वर्षापासूनच सुरू होणार.

याचा अर्थ असा की चक्रवाढ दर फक्त दोन टोके पाहतो. मधली वाट त्याला दिसत नाही. त्यामुळे दर जुळल्यावरही प्रत्येक वर्षाची वाढ स्वतंत्रपणे काढावी आणि एखादे वर्ष इतरांपेक्षा फारच वेगळे असेल तर त्यामागे कारण आहे का ते विचारावे. नवी यंत्रे त्या वर्षी सुरू होणार आहेत काय? तशी असतील तर त्यांची पूर्ण क्षमता पहिल्याच वर्षी वापरली जाईल काय? सुरतेच्या कापडधंद्यात आणखी एक कारण संभवते. आजवर दुसऱ्यांच्या कापडावर केवळ मजुरीने काम करणाराने स्वतःचे कापड घेऊन विकायला सुरुवात केली, तर त्याची ‘विक्री’ एका रात्रीत कित्येक पटींनी वाढलेली दिसते, कारण पूर्वी फक्त मजुरी मोजली जात होती आणि आता कापडाची किंमतही मोजली जाते. काम तेवढेच असते, नफाही बहुधा तेवढाच. अशा वेळी दोन वर्षांच्या आकड्यांमध्ये वाढीचा दर काढणेच गैर ठरते.

पायाभूत वर्षाकडेही तितकेच बारकाईने पाहावे. ते वर्ष मंदीचे असेल तर त्यावरून काढलेला कोणताही दर फुगलेला दिसतो. कोरोनाकाळात बाजार बंद राहिले, त्या २०२०-२१ वर्षाला आरंभ मानून काढलेले दर याची साक्ष देतात. पायाभूत वर्षाची विक्री वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांशी ताडून पाहिली की तो आकडा तरी पक्का होतो. शिवाय रकमा चालू किमतींच्या आहेत की स्थिर किमतींच्या, हेही विचारावे. ऑक्सफर्ड इकॉनॉमिक्सचे शहरांचे आकडे २०१८ च्या स्थिर किमतींत होते, म्हणजे महागाई वगळून. व्यापाऱ्याचा विक्री-अंदाज बहुतेक वेळा चालू किमतींत असतो, आणि त्यातील काही टक्के वाढ केवळ सुताचे भाव चढल्याने होते. या दोन प्रकारचे दर शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

आकडे आपसांत जुळणे आणि अंदाज खरा ठरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सुरतेच्याच अंदाजातून दिसते. २०१८ साली मांडलेला तो हिशेब गणिताच्या दृष्टीने चोख होता. पण दोन वर्षांतच महासाथ येईल, हे त्यात कोणी धरले नव्हते. सतरा वर्षांपैकी एक वर्ष शून्य वाढीचे गेले असे मानले, तर २०३५ चे तेच उद्दिष्ट गाठण्यास उरलेल्या सोळा वर्षांत दरसाल ९.७८ टक्के वाढ लागते. सोळा वर्षे मोजली असता मघाशी आला होता तोच हा दर. हिशेबातून एक वर्ष गाळणे आणि एक वर्ष वाया जाणे, गणिताला दोन्ही सारखेच. म्हणून अंदाज पुढे आला की दरवर्षी प्रत्यक्ष आकडा त्यात भरावा, उरलेली वर्षे मोजावी आणि ठरलेले टोक गाठण्यास आता कोणता दर लागेल ते पुन्हा काढावे. तो दर धंद्याने आजवर कधीही गाठला नसेल, तर अखेरचा आकडा बदलण्याची वेळ आली आहे.